केरळ सहल, डिसेंबर २०२६ : नोंदणी रद्द केल्यास मिळणाऱ्या परताव्याचा तक्ता

मुलुंड पूर्व, सोमवार, ५ ऑक्टोबर २०२६

सर्व सहभागी सभासदांस,

सप्टेंबरमध्ये नोंदणी करताना सहल कंपनीच्या संकेतस्थळावरील रद्दीकरणाच्या अटींचा जो स्क्रीनशॉट आपण जपून ठेवला, त्यात केवळ दिवस आणि टक्के दिलेले आहेत. रक्कम किंवा तारीख कुठेच नाही. प्रकृती किंवा घरची अडचण यांमुळे कुणाला माघार घ्यावी लागली, तर त्या घाईत टक्क्यांचा हिशेब करत बसण्याची वेळ येऊ नये, म्हणून त्या अटींवरून खालील तक्ता तयार केला आहे.

मोठ्यांसाठी सहलीचा दर ४२,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी २,१०० रुपये, असे माणशी एकूण ४४,१०० रुपये होतात. नातवंडांसाठी (वेगळा पलंग न घेता) दर २८,००० रुपये आणि जीएसटी १,४०० रुपये, म्हणजे एकूण २९,४०० रुपये आहेत. परताव्याचे आकडे पूर्ण रक्कम भरलेली आहे असे धरून दिले आहेत.

| प्रस्थानापूर्वीचे दिवस | तारखा | मोठे : कपात (₹) | मोठे : परतावा (₹) | मुले : परतावा (₹) |
|---|---|---|---|---|
| ४६ किंवा अधिक | २७ ऑक्टोबरपर्यंत | १०,००० | ३४,१०० | १९,४०० |
| ४५ ते ३१ | २८ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर | १३,२३० | ३०,८७० | १९,४०० |
| ३० | १२ नोव्हेंबर | २२,०५० | २२,०५० (वादाचा दिवस) | १४,७०० |
| २९ ते १६ | १३ ते २६ नोव्हेंबर | २२,०५० | २२,०५० | १४,७०० |
| १५ | २७ नोव्हेंबर | ३३,०७५ | ११,०२५ (वादाचा दिवस) | ७,३५० |
| १४ ते ८ | २८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर | ३३,०७५ | ११,०२५ | ७,३५० |
| ७ ते ० किंवा गैरहजेरी | ५ डिसेंबरपासून | ४४,१०० | ० | ० |

स्क्रीनशॉटमधील टप्पे «४५ ते ३०», «३० ते १५» आणि «१५ ते ८» असे लिहिलेले आहेत. त्यामुळे तिसावा आणि पंधरावा हे दिवस प्रत्येकी दोन टप्प्यांत मोडतात. तिसाव्या दिवशी ३० टक्के कापणार की ५० टक्के, हे त्या मजकुरावरून ठरत नाही, आणि मोठ्यांच्या बाबतीत हा फरक ८,८२० रुपयांचा आहे. पंधराव्या दिवशी तो ११,०२५ रुपयांचा होतो. या दोन दिवसांबाबत कंपनीकडे ईमेलने लेखी खुलासा मागितला आहे. तो येईपर्यंत तक्त्यात मुद्दामच कमी परतावा धरला आहे, कारण जास्त आकडा गृहीत धरून एखाद्याने निर्णय घ्यावा आणि नंतर त्याच्या हाती कमी पैसे पडावेत, हे समितीला मान्य नाही.

टक्के भरलेल्या रकमेवर लावायचे नसून सहलीच्या दरावर लावायचे आहेत, आणि कापलेल्या रकमेवर पुन्हा ५ टक्के जीएसटी येतो. हा कर कंपनीने मनाने लावलेला नाही, रद्दीकरण शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, हे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्र. १७८/१०/२०२२) स्पष्ट केले आहे. ज्यांना आकडा स्वतः पडताळून पाहायचा असेल, त्यांनी दुसऱ्या ओळीसाठी कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकावे. उत्तर ३०,८७० यायला हवे.

```
=44100-42000*30%*1.05
```

नोंदणीचे १०,००० रुपये या कपातीखेरीज वेगळे कापले जात नाहीत, ते तिच्यातच धरलेले आहेत. पावतीवर त्यांची फोड ९,५२३.८१ रुपये आणि जीएसटी ४७६.१९ रुपये अशी दिलेली आहे, त्यामुळे त्यांवर पुन्हा कर लावण्याचा प्रश्न येत नाही. मात्र दुसऱ्या टप्प्यात «३० टक्के किंवा नोंदणी रक्कम, यांपैकी जे जास्त» अशी अट आहे. मुलांच्या दराचे ३० टक्के करासह ८,८२० रुपयेच होतात, म्हणून त्यांच्याबाबत १०,००० रुपये कापले जातील, आणि पहिल्या दोन ओळींत त्यांचा परतावा सारखाच दिसतो तो यामुळेच. ज्यांनी आजवर केवळ नोंदणी रक्कम भरली आहे, त्यांनी २७ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास त्यांना परत काही मिळणार नाही, पण पुढे काही भरावेही लागणार नाही. उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख २८ ऑक्टोबर आहे.

दिवस मोजताना प्रस्थानाची तारीख शनिवार, १२ डिसेंबर धरली आहे. आपण लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेसने १० डिसेंबरलाच निघणार असलो, तरी रेल्वेची तिकिटे आपली आपण काढायची आहेत आणि कंपनीच्या बिलावर प्रस्थान म्हणून एर्नाकुलमची १२ तारीखच छापलेली आहे. रेल्वे तिकिटांचा परतावा रेल्वेच्या नियमांप्रमाणे वेगळा मिळेल. तो या तक्त्यात धरलेला नाही.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, जी स्क्रीनशॉटच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत आहे आणि मोबाइलवर मजकूर मोठा केल्याशिवाय वाचता येत नाही. रद्द करण्याचा अर्ज कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत पोहोचला, तरच त्या दिवसाचा धरला जातो. रविवारी, सुट्टीच्या दिवशी किंवा ६ नंतर पाठवलेला अर्ज पुढच्या कामाच्या दिवशी आला असे मानले जाते. कंपनीच्या कार्यालयात लावलेल्या सूचनेनुसार दिवाळीनिमित्त ८ ते ११ नोव्हेंबर असे चार दिवस कामकाज बंद राहणार आहे. म्हणजे लक्ष्मीपूजनाला, पाडव्याला किंवा भाऊबीजेला पाठवलेला अर्ज १२ नोव्हेंबरचा, म्हणजे नेमका त्या वादाच्या तिसाव्या दिवसाचा ठरेल. तक्त्यात दुसऱ्या ओळीची मुदत ११ नोव्हेंबर दिसत असली, तरी ३०,८७० रुपये खात्रीने हवे असतील तर शनिवार, ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ हीच शेवटची वेळ समजावी. दिवाळीत मुले-सुना घरी आल्यावर बोलून ठरवू, असा ज्यांचा विचार आहे, त्यांनी ही चर्चा कृपया आधीच उरकावी. इतर टप्प्यांच्या शेवटच्या तारखा, म्हणजे २७ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबर आणि ४ डिसेंबर, कामाच्याच दिवशी येतात. तेथे केवळ संध्याकाळी ६ ची मर्यादा पाळायची आहे.

एका खोलीतील दोघांपैकी एकाच सभासदाने माघार घेतली, तर उरलेल्या सभासदाला एकट्याच्या खोलीचा फरक ११,००० रुपये आणि जीएसटी ५५० रुपये, असे ११,५५० रुपये भरावे लागतील. म्हणून माघार घेणाऱ्याने सर्वप्रथम आपल्या खोलीतील सोबत्याला कळवावे. त्याच खोलीत दुसरा सभासद देता येतो का, हे समिती पाहील, परंतु त्यासाठी हाताशी थोडे दिवस असायला हवेत.

रद्द करण्याचा अर्ज फोनवर ग्राह्य धरला जात नाही. तो ज्या ईमेलवरून नोंदणी झाली त्या, म्हणजे समितीच्या ईमेलवरूनच जावा लागतो. त्यामुळे आपला निर्णय लेखी, सहीसह, वरील मुदतीच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत माझ्याकडे द्यावा. प्रकृतीमुळे तसे जमणार नसेल, तर घरच्या कुणीही सहीच्या कागदाचा स्पष्ट फोटो पाठवला तरी चालेल. परतावा अर्ज स्वीकारल्यापासून कामाच्या २१ दिवसांत समितीच्या खात्यात येईल आणि तेथून लगेच सभासदाच्या खात्यात वर्ग केला जाईल.

मूळ स्क्रीनशॉट, त्यावरील १४ सप्टेंबरची तारीख आणि पानाचा पत्ता दिसेल असा छापून, सोसायटीच्या कार्यालयातील फाइलमध्ये लावला आहे. संकेतस्थळावरील अटी यापुढे बदलल्या, तरी आपण नोंदणी केली त्या दिवशीच्या अटीच आपल्याला लागू आहेत, अशी समितीची भूमिका राहील. वादाच्या दोन दिवसांबद्दल कंपनीचे उत्तर आले की तक्त्याच्या त्या दोन ओळी दुरुस्त करून नवी प्रत सर्वांना दिली जाईल.

आपला नम्र,
चिटणीस, सहल समिती