चर्चची फूट, धार्मिक युद्धे आणि युरोपातील राज्यसत्ता

एस.वाय.बी.ए. इतिहास : आधुनिक युरोप
वर्गटिपण (युरोपचा नकाशा शेजारी ठेवून वाचावे)

मागच्या तासाला आपण १५१७ पर्यंत आलो. मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये ९५ मुद्दे मांडले आणि पापक्षमापत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला. वाद मोक्षाचा होता. मग त्यातून राजांची सत्ता का बदलली, हा आजचा प्रश्न.

उत्तरासाठी आधी १५०० च्या सुमाराचा राजा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या राज्यातली बरीच जमीन मठांची आणि बिशपांची. लग्न वैध की अवैध, मृत्युपत्र खरे की खोटे, हे चर्चची न्यायालये ठरवत आणि त्यांच्यावरचे अपील रोमला जाई. शेतकरी उत्पन्नाचा दशमांश चर्चला देई. धर्मगुरूने गुन्हा केला तरी राजाच्या न्यायाधीशाचे हात बांधलेले. म्हणजे एकाच प्रजेवर दोन सत्ता चालत होत्या. पश्चिमेकडचे ख्रिस्ती जग फुटले तेव्हा यातली एक सत्ता निम्म्या युरोपात कोसळली आणि तिची जमीन, न्यायालये, नेमणुका व नोंदवह्या राज्यकर्त्यांच्या हाती आल्या. सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

इंग्लंडचे उदाहरण नीट पाहू. आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, एवढेच आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण कायद्यांचा क्रम बघा. १५३३ मध्ये रोमला अपील करण्यावर बंदी आली. १५३४ मध्ये राजा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला. १५३५ मध्ये राजाच्या माणसांनी चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद केली आणि १५३६ ते १५४० या काळात सुमारे ८०० मठ बंद झाले. छपरांवरचे शिसे उतरवून वितळवले, घंटा विकल्या, जमिनी सरकारजमा केल्या आणि हा कारभार पाहायला नवे खाते उघडले. १५३८ मध्ये हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. माझ्या मते ही वही मठांच्या संपत्तीइतकीच महत्त्वाची आहे. माणूस कधी जन्मला आणि कधी मेला, याची नोंद आता राजाच्या हुकमाने होऊ लागली.

मात्र हेन्रीने या जमिनी फार काळ ठेवल्या नाहीत. फ्रान्स आणि स्कॉटलंडशी युद्धे करायला पैसा हवा म्हणून त्यातल्या बऱ्याच विकल्या. त्या घेतल्या स्थानिक जमीनदारांनी, आणि हाच वर्ग पार्लमेंटमध्ये बसत असे. शिवाय हे सारे बदल पार्लमेंटच्या कायद्याने झाले होते. पुढे १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले आणि १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचे मस्तक उडवले गेले, त्याची एक वाट इथून जाते.

इतरत्रचे थोडक्यात. १५२५ मध्ये ट्यूटॉनिक लष्करी पंथाच्या प्रमुखाने प्रशियात ल्यूथरचा मार्ग स्वीकारला आणि पंथाचा मुलूख स्वतःच्या घराण्याची जहागीर केला. स्वीडनमध्ये गुस्ताव वासाने १५२७ मध्ये चर्चच्या मालमत्तेवर हात टाकला.

फायदा फक्त प्रोटेस्टंट राजांचा झाला, असे लिहू नका. पोपला आता कॅथलिक राजांची गरज वाढली होती. बिशप नेमण्याचा हक्क फ्रान्सच्या राजाला तर १५१६ च्या करारानेच मिळाला होता, फुटीच्या आधी वर्षभर. स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, राजसत्तेच्या ताब्यात होते. पोर्तुगालच्या राजाकडे पूर्वेकडील चर्चचा आश्रयाधिकार होता, म्हणून गोव्याचा बिशप कोण हे लिस्बनला ठरे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले तेही पोर्तुगीज राजसत्तेच्या आधाराने.

आता युद्धे. जर्मनीत पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाने, पाचव्या चार्ल्सने, प्रोटेस्टंट राजांना १५४७ मध्ये म्यूलबर्ग येथे हरवले, पण त्यांना वाकवणे जमले नाही. १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाने मुलखाचा धर्म तिथल्या राजाने ठरवावा, असे मान्य झाले. निवड कॅथलिक आणि ल्यूथरचा या दोनच पंथांत होती, जॉन कॅल्विनला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना, म्हणजे कॅल्विनपंथीयांना, त्यात जागा नव्हती. सम्राटाची सत्ता इथे आकसली आणि प्रादेशिक राजांची वाढली. म्हणून परीक्षेत नुसते ‘राजसत्ता बळकट झाली’ लिहिले तर उत्तर अर्धेच राहते. कोणाची आणि कुठे, हे सांगायलाच हवे.

फ्रान्समध्ये १५६२ ते १५९८ या काळात एकामागून एक आठ युद्धे झाली. २४ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसमध्ये ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधल्या कॅल्विनपंथी, लोकांची कत्तल सुरू झाली आणि ती इतर शहरांत पसरली. हजारो माणसे शेजाऱ्यांच्या हातून मेली. या रक्तपाताच्या मध्यावर, १५७६ मध्ये, जाँ बोदँने सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडला. कायदा करणारी अंतिम सत्ता राज्यात एकच असली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. घरे जळत असताना ते लोकांना का पटले असेल, याचा विचार करा. मूळचा ह्यूगनॉट असलेला फ्रान्सचा राजा चौथा हेन्री १५९३ मध्ये कॅथलिक झाला आणि १५९८ च्या नांतच्या फर्मानाने त्याने ह्यूगनॉटांना संरक्षण दिले. त्यांना तटबंदीची शहरेही मिळाली. ती राज्यातली दुसरी सत्ता ठरते म्हणून पुढच्या राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याने १६२८ मध्ये त्यांतले ला रोशेल वेढा घालून पाडले. पूजेचा हक्क मात्र त्याने राहू दिला.

नेदरलँड्सने स्पेनच्या राजाविरुद्ध बंड केले आणि १५८१ मध्ये त्याची सत्ता नाकारली. हे बंड मोडता मोडता स्पेनचा खजिना अमेरिकेतली चांदी येऊनही वारंवार रिता झाला. या लढ्याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. १५८० ते १६४० पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचे राज्य होते, त्यामुळे डचांनी गोव्याची नाकेबंदी केली आणि त्याच सुमारास वेंगुर्ल्यात वखार घातली.

तीस वर्षांचे युद्ध (१६१८-१६४८) प्रागमध्ये धर्मावरून सुरू झाले. १६३१ मध्ये माग्डेबुर्ग जळाले तेव्हा सुमारे २०,००० माणसे मेली. पण त्याच वर्षी कॅथलिक फ्रान्सने प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा पुरवायचा करार केला, कारण सम्राटाचे हाब्सबुर्ग घराणे त्याला जास्त धोक्याचे वाटत होते. तरीही धर्म हा निव्वळ मुखवटा होता, असे मला वाटत नाही. श्रद्धेसाठी घरदार सोडलेल्या माणसांबद्दल तसे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्यहित श्रद्धेच्या शेजारी येऊन बसले आणि हळूहळू पुढे सरकले, असे म्हणावे.

या युद्धाचा शासनावरचा परिणाम ब्रांडेनबुर्ग या उत्तर जर्मनीतल्या राज्यात स्पष्ट दिसतो. दोन्ही बाजूंच्या फौजा तिथून गेल्या आणि ‘खंडणी द्या, नाहीतर गाव जाळतो’ हेच त्यांच्या वसुलीचे तंत्र. १६४० मध्ये गादीवर आलेल्या फ्रेडरिक विल्यमने यातून धडा घेतला : स्वतःची फौज नसली की परक्याची पोसावी लागते. १६५३ मध्ये सरदारांच्या सभेने त्याला सहा वर्षांसाठी ५,३०,००० थालर, म्हणजे तिथली चांदीची नाणी, मंजूर केले. बदल्यात त्याने शेतकऱ्यांवरची सरदारांची पकड मान्य केली. पुढे सभेला न विचारताही कर वसूल होऊ लागला आणि १६८८ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे ३०,००० ची खडी फौज मागे होती. फौजेसाठी कर, करासाठी अधिकारी, अधिकाऱ्यांमागे पुन्हा फौज. किंमत कुळांनी मोजली.

१६४८ च्या वेस्टफालिया तहाने कॅल्विनपंथाला मान्यता दिली आणि साम्राज्यातील राजांना परक्यांशी करार करण्याची मुभा दिली, फक्त सम्राट व साम्राज्याविरुद्ध नाही. चर्चच्या ताब्याचा वाद सुटावा म्हणून १६२४ हे वर्ष प्रमाण धरले : त्या वर्षी जे ज्या पंथाकडे होते ते त्याच्याकडेच राहावे. त्यामुळे राजाने पंथ बदलला तरी प्रजेला बदलायला लावणे अवघड झाले. पोप दहाव्या इनोसंटने निषेध केला, पण त्यामुळे कोणी सही मागे घेतली नाही. गाइडांमध्ये ‘वेस्टफालियाने आधुनिक राज्य जन्माला घातले’ असे वाक्य छापलेले असते. ते उतरवू नका. पवित्र रोमन साम्राज्य त्यानंतरही १८०६ पर्यंत टिकले.

पुढच्या तासासाठी : चौदाव्या लुईने १६८५ मध्ये नांतचे फर्मान रद्द केले आणि त्याच वर्षी फ्रेडरिक विल्यमने परागंदा ह्यूगनॉटांना आपल्या राज्यात बोलावले. दोघांनाही राज्य बळकट करायचे होते. दोघांचे निर्णय उलटे का, यावर एक पान लिहून आणा.