ठराव : प्राथमिक वर्गांतील गृहपाठ बंद व्हावा
(आंतरशालेय वादविवाद स्पर्धा, बीड. बाजू : अनुकूल. वेळ : ३ मिनिटे)

सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक, गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो,

मी इयत्ता नववीची विद्यार्थिनी, ठरावाच्या बाजूने बोलायला उभी आहे. माझा मुद्दा एकच आहे. लहान वर्गांत बाई गृहपाठ तपासतात, तेव्हा परीक्षा होते ती मुलाच्या घराची.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. ऊसतोडीचा हंगाम आला की कितीतरी आई-वडील कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी अडली, तर कधी शाळेत न गेलेल्या आजीने काय करावं? त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीजवळ आई बसते, वर शिकवणीही असते. सकाळी दोन्ही वह्या एकाच टेबलावर येतात. एकीवर ‘छान’, दुसरीवर ‘अपूर्ण’. त्या मुलाचा अपराध काय? आणि प्रकल्प बहुतेक वेळा कोण करतं, हे इथे बसलेल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे.

ही मागणी नवी नाही. १९९३ मध्येच यशपाल समितीने सांगितलं होतं की प्राथमिक वर्गांत गृहपाठ नको. फार तर घरच्या परिसरात शोध घेण्यापुरता असावा. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण म्हणतं, दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला! कित्येक घरांत हे दोन तास मंगळवारीच संपतात.

माझे प्रतिस्पर्धी विचारतील, सराव नको का? हवाच. पण तो शिक्षकांच्या नजरेसमोर हवा. उदाहरण चुकीच्या रीतीने घरी वीस वेळा सोडवलं, तर ती चूकच पक्की होते. वर्गात पहिल्याच उदाहरणाला बाई थांबवतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. सरावाला जागा त्या तासांतच काढता येते. अमेरिकन संशोधक हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध दिसला. लहान वर्गांत तो फारच क्षीण होता.

गृहपाठ नसेल तर मूल काय शिकतंय हे आम्हाला कसं कळणार, ही पालकांची काळजी मात्र खरी आहे. म्हणून माझी मागणी पूर्ण ऐका. पहिली ते पाचवीला रोजची शेवटची तासिका सरावाची ठेवा. अडलेल्या मुलाजवळ शिक्षकांनी तिथेच बसावं. वह्या शाळेतच राहाव्यात आणि महिन्यातून एकदा पालकांनी त्या शिक्षकांसोबत बसून पाहाव्यात. हंगामात आजी आली, तरी नातू काय शिकला हे तिला बाईंच्या तोंडून कळेल.

परीक्षकांनी ठरावाच्या बाजूने कौल द्यावा, ही विनंती. धन्यवाद!