विश्रामबाग, सांगली : सहा फ्लॅटची नवी इमारत

प्लॉट ४२० चौरस मीटर, फ्लॅट सहाच. त्यामुळे रेरा नोंदणी कायद्याने बंधनकारक नाही आणि आम्ही केलेलीही नाही. महापालिकेची बांधकाम परवानगी मिळाली आहे. भोगवटा प्रमाणपत्र काम संपल्यावरच मिळेल. मंजूर नकाशा, सातबारा साईटवर बघा, वकिलांनाही आणा.

टू बीएचके, कार्पेट ६२० चौरस फूट : ३४ लाख, पार्किंगसह. त्यावर जीएसटी १ टक्का ३४,०००, मुद्रांक शुल्क ६ टक्के २,०४,०००, नोंदणी ३०,०००. एकूण ३६,६८,०००. खरेदी महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सवलत. मीटर डिपॉझिट वेगळे, पावतीप्रमाणे.

लिफ्ट आहे, जिम-क्लबहाऊस नाही. तळमजल्याचा फ्लॅट रस्त्याला लागून, आवाज येणारच. म्हणून तो ३२ लाखांना. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेणार नाही.