काकांसाठी घरचा कागद: औषधं, धोक्याच्या खुणा आणि पुढच्या तारखा

काका आणि काकू,

रुग्णालयाने दिलेली चार पानी डिस्चार्ज समरी डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेली आहे. घरात रोज वापरायला तीच माहिती मी इथे सोप्या मराठीत वेगळी मांडली आहे. मनाचं काही घातलेलं नाही. दोन गोष्टी समरीत स्पष्ट नव्हत्या, त्या निघण्याआधी वॉर्डच्या डॉक्टरांना विचारून घेतल्या. त्या जिथे येतात तिथे तसं लिहिलं आहे. कुठल्याही दवाखान्यात जाल तेव्हा मूळ समरीच दाखवा, हा कागद नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी काही बदललं तर या कागदावर पेनाने खोडून तारीख घाला, म्हणजे जुना डोस चुकून चालू राहणार नाही.

काय झालं होतं

सोमवारी १० नोव्हेंबर २०२५ ला काकांना हार्ट अटॅक आला. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी धमनी गुठळीने बंद झाली होती. उजव्या मनगटातून नळी घालून ती उघडली आणि आत एक स्टेंट बसवला. शुक्रवारी १४ नोव्हेंबरला घरी सोडलं.

समरीत ‘ईएफ ४० टक्के’ असं लिहिलं आहे. हृदय एका ठोक्यात किती रक्त पुढे ढकलतं त्याचा हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ किंवा त्याच्या वर असतो. ‘हृदय ४० टक्केच उरलं’ असा याचा अर्थ नाही, काका. अटॅकनंतर दमलेला स्नायू पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याचदा सावरतो. म्हणून तर फेब्रुवारीत पुन्हा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितली आहे.

भाग १: औषधं

*सकाळी सात, उपाशीपोटी:* पॅन्टोप्राझोल ४०, एक गोळी. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांनी पोटात जखम होऊ नये म्हणून. ॲसिडिटी नसली तरी घ्यायची.

*सकाळी साडेआठ, नाश्त्यानंतर:* चार गोळ्या. टिकाग्रेलोर ९० (रक्त पातळ ठेवणारी), मेटोप्रोलोल २५ (हृदयाचे ठोके आणि बीपी आवरणारी), डापाग्लिफ्लोझिन १० (साखर आणि हृदय दोन्हींसाठी), मेटफॉर्मिन ५०० (साखरेसाठी). मेटोप्रोलोल हळूहळू विरघळणारी आहे, ती चावायची किंवा कुटायची नाही.

*दुपारी जेवणानंतर:* ॲस्पिरिन ७५, एक.

*रात्री साडेआठ, जेवणानंतर:* टिकाग्रेलोर ९० दुसरी आणि मेटफॉर्मिन ५०० दुसरी.

*झोपताना:* ॲटॉर्व्हास्टॅटिन ८० (कोलेस्टेरॉलसाठी) आणि रामिप्रिल २.५ (बीपी आणि हृदयासाठी). रामिप्रिलने कधी चक्कर येते, म्हणून ती रात्री. रात्री बाथरूमला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा.

*कायम खिशात:* सॉर्बिट्रेट ५. ही रोजची नाही. छातीत दुखलं तरच. कशी घ्यायची ते भाग २ मध्ये आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टिकाग्रेलोर आणि ॲस्पिरिन एक दिवसही चुकवायच्या नाहीत आणि हृदयाच्या डॉक्टरांशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. स्टेंट नवीन आहे. या गोळ्या थांबल्या की त्याच जागी पुन्हा गुठळी होऊ शकते आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा भारी असू शकतो. दोन्ही गोळ्या निदान नोव्हेंबर २०२६ पर्यंत चालतील, त्यानंतर काय ते डॉक्टर ठरवतील. दाताच्या डॉक्टरांनी ‘दात काढायचाय, पाच दिवस गोळी थांबवा’ म्हटलं, तर दात थांबेल, गोळी नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

टिकाग्रेलोरच्या आपल्या पाकिटात १४ गोळ्या आहेत, म्हणजे बरोबर एक आठवडा. घरात कायम एक न उघडलेलं पाकीट हवं. ते उघडलं की त्याच दिवशी दादाने पुढचं आणायचं. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर नाव वेगळं दिसेल. खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव आणि आकडा असतो, तो या कागदाशी जुळवून बघा. न जुळणारी गोळी घेऊ नका. दोन कंपन्यांची एकच गोळी ‘वेगवेगळी’ समजून दोन्ही घेतल्या गेल्याचं मी वॉर्डमध्ये पुष्कळदा बघते.

टिकाग्रेलोरने काहींना मधूनच श्वास अपुरा पडल्यासारखा वाटतो. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते पर्याय देतील. स्वतः बंद करू नका. डोस विसरला तर पुढचा डोस ठरल्या वेळी एकच घ्या, दोन एकदम नाहीत.

*बंद झालेल्या गोळ्या.* बीपीची जुनी अमलोडिपिन समरीच्या यादीत नव्हती, पण ‘बंद’ असंही लिहिलं नव्हतं. विचारलं, तर मुद्दाम बंद केली आहे. साखरेची जुनी जोडगोळी, ज्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र आहेत, तीही बंद. तिच्या जागी आता नुसती मेटफॉर्मिन आहे. अँजिओग्राफीच्या डायमुळे मेटफॉर्मिन मध्ये थांबवली होती. ती कधीपासून सुरू करायची हे समरीत नव्हतं, तेही विचारलं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१ आल्यावर १३ तारखेपासून सुरू झाली आहे. काकू, फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यातल्या या दोन्ही जुन्या गोळ्या आजच बाहेर काढा. डब्यात राहिल्या की कुणीतरी सवयीने देणारच.

*काय घेऊ नये.* गुडघे दुखले तर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली कोणतीही गोळी नाही. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, किडनी आणि हृदयालाही धोका वाढतो. पॅरासिटामॉल ५०० चालेल. अर्जुनाची साल, लसणाच्या कॅप्सूल, कुणी प्रेमाने दिलेला काढा, हे सगळं आधी डॉक्टरांना विचारून.

भाग २: धोक्याच्या खुणा

*१०८ वाल्या खुणा:* छातीत दाब, जळजळ किंवा भार वाटणं. दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं. अचानक दरदरून घाम. बसल्या जागी धाप. चक्कर येऊन पडणं. काकांना बारा वर्षं मधुमेह आहे. अशा माणसाला अटॅकमध्ये कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसता घाम आणि धाप येते. म्हणून ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन वाट बघायची नाही. सोमवारी पहाटे आपण तेच समजलो होतो.

तेव्हा काय करायचं: काकांनी खुर्चीत बसायचं, उभं राहायचं नाही. सॉर्बिट्रेटची एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांत पूर्ण बरं वाटलं नाही तर १०८. घाम, धाप किंवा चक्कर असेल तर पाच मिनिटंसुद्धा थांबू नका, आधी फोन. बीपी आधीच खूप कमी असेल किंवा भोवळ येत असेल तर सॉर्बिट्रेट देऊ नका. ज्यांत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल असतं अशा गोळ्यांसोबत ती कधीच नाही. फोनवर पहिलं वाक्य: ‘चार दिवसांपूर्वी स्टेंट बसवलाय, आता छातीत दुखतंय, पाचपाखाडी, ठाणे पश्चिम.’ दिवस पुढे जातील तसा आकडा बदला. स्कूटरवर बसवून नेऊ नका, रिक्षाही नको. घोडबंदर रोडच्या गर्दीत वाटेत काही झालं तर रिक्षात ऑक्सिजन नसतो आणि शॉक द्यायचं मशीनही नसतं.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यालाही १०८. डोक्याला मार लागला तर वरून जखम दिसो न दिसो, रुग्णालयात जायचं.

*त्याच दिवशी रुग्णालयाला फोन:* डांबरासारखी काळी शौच, लघवीत रक्त, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त. दात घासताना थोडं रक्त किंवा अंगावर छोटे निळे डाग चालतात, त्यासाठी गोळी बंद करू नका. मनगटाची जागा सुजली, गरम झाली, हात थंड किंवा बधिर पडला तरीही फोन. तिथून रक्त आलं तर बोटाने घट्ट दाबून धरा. दहा मिनिटांत थांबलं नाही तर दाबलेलंच ठेवून १०८.

उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाणी पोटात राहत नसेल तर वाट न बघता फोन. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि रामिप्रिल तेवढ्यापुरत्या थांबवायच्या का ते विचारा. टिकाग्रेलोर आणि ॲस्पिरिन मात्र नाही थांबवायच्या.

काकू, रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी काकांचं वजन करा. घरी सोडताना ७१.४ किलो होतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायाला सूज आली, किंवा झोपताना एक उशी जास्त लागायला लागली, तर अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी कळवायचं. मीठ दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं. खरं तर ते बंदच ठेवा.

उद्या शनिवारी एकादशी आहे. काका, यंदा निर्जळी किंवा कडक उपास नाही. साखरेच्या गोळ्या आणि हृदयाच्या नवीन गोळ्या उपाशीपोटी पेलणार नाहीत. विठ्ठलाला हे कळेल. तंबाखूही त्याच दिवशी सुटली, जेव्हा तुम्ही स्ट्रेचरवर चढलात. पुडी घरात नको, खिशात नको. तलफ असह्य झाली तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

भाग ३: पुढच्या तारखा

बुधवार १९ नोव्हेंबर, सकाळी: रक्ताची तपासणी, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. रामिप्रिल किडनीला झेपतेय का ते यातून कळतं. ही चुकली तर शुक्रवारी डॉक्टर डोस वाढवू शकणार नाहीत.

शुक्रवार २१ नोव्हेंबर, सकाळी अकरा: हृदयाची ओपीडी आणि ईसीजी. सोबत मूळ समरी, रक्ताचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत आणि वजन-बीपीची वही. विचारायचं ते आत्ताच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: चालणं किती वाढवायचं, स्कूटर कधी, जिने चढायचे का, फ्लूची लस कधी.

सोमवार २२ डिसेंबर: उपाशीपोटी कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी. वाईट कोलेस्टेरॉल ५५च्या खाली आणायचं आहे. शुक्रवार २६ डिसेंबरला त्याचा रिपोर्ट घेऊन ओपीडी. मधल्या काळात स्नायू खूप दुखले किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर तारखेची वाट न बघता फोन.

बुधवार ११ फेब्रुवारी २०२६: इको आणि तीन महिन्यांची साखर. आता ती ८.२ आहे.

बीपी आणि नाडी रोज सकाळी गोळ्यांआधी, पाच मिनिटं बसून. वरचा आकडा १०० खाली आणि चक्कर, किंवा १६० च्या वर दोनदा, किंवा नाडी ५० खाली आली तर फोन.

चालणं पहिल्या आठवड्यात घरात आणि इमारतीच्या आवारात, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, बोलता येईल इतक्या वेगाने. कचराळी तलावाची फेरी २१ तारखेला डॉक्टर हो म्हणाले की. तोवर उजव्या हाताने पाण्याची बादली, भाजीची पिशवी उचलायची नाही.

अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचं कार्ड आणि औषधांची बिलं निळ्या फाइलमध्ये आहेत. कार्डाचा फोटो दादाच्या आणि माझ्या फोनमध्ये आहे, काकूंनीही आपल्या फोनमध्ये घ्या. शंका आली तर रात्री दोन वाजताही मला फोन करा. पण वरच्या १०८ वाल्या खुणा दिसल्या तर मला नंतर, १०८ आधी.

तुमची पुतणी