विषय: तपासणीच्या कामात वारंवार येणारा व्यत्यय (८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर २०२५ मधील नोंदी)

मॅडम, नमस्कार.

मी क्वालिटी विभागात दुसऱ्या पाळीत इन्स्पेक्टर आहे. गेल्या महिनाभरात डिस्पॅचमधल्या एका सहकाऱ्यांमुळे माझ्या कामात चार वेळा व्यत्यय आला, त्याची नोंद एचआरकडे असावी म्हणून लिहीत आहे. हा मेल सामाईक पत्त्यावर जातो, म्हणून त्यांचे नाव इथे लिहिलेले नाही. ते आज सकाळी तुम्हाला फोनवर सांगितले आहे. मी स्वतः पाहिले, ऐकले किंवा स्क्रीनवर दिसले तेवढेच खाली आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर. १२० बुशांच्या ट्रॉलीतून ५ नग तपासले. दोन नगांचा बोअर २५.०३४ आणि २५.०२९ मिमी आला. ड्रॉइंगप्रमाणे तो २५.०२१ च्या वर चालत नाही. ४:१० ला सही करून ट्रॉलीला लाल टॅग बांधला. ६:३५ ला तीच ट्रॉली डिस्पॅचच्या शटरपाशी उभी होती आणि टॅग लॅबच्या खिडकीच्या कडीला अडकवलेला होता. दोरा तुटलेला नव्हता, गाठ सोडवलेली होती. सहकाऱ्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "७ ची गाडी होती, म्हणून मी ट्रॉली पुढे घेतली." टॅग कोणी सोडला हे मी पाहिलेले नाही. ट्रॉली परत आणून सगळे नग तपासले, त्यात ९ रिजेक्ट झाले. बाकीचे दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले.

मंगळवार, १६ सप्टेंबर. PDI_Sept.xlsx या शीटमध्ये मी ७:२० ला २५.०३० अशी नोंद केली होती. जेवून ९ वाजता परत आले तर तिथे २५.०२० दिसले. व्हर्जन हिस्टरीत हा बदल ८:४७ ला त्या सहकाऱ्यांच्या लॉगिनवरून झालेला दिसतो. मात्र लॅबबाहेरचा कॉम्प्युटर सगळेच वापरतात आणि लॉगिन बऱ्याचदा उघडेच राहते (माझेही राहिले आहे), त्यामुळे त्या वेळी तिथे कोण बसले होते हे मला माहीत नाही. मूळ आकडा मी परत भरला. त्याच रात्री त्यांना सांगितले की माझ्या रीडिंगबद्दल शंका असेल तर मला बोलवा, आपण दोघे मिळून पुन्हा मोजू. ते "बरं" म्हणाले.

गुरुवार, २५ सप्टेंबर. ग्राहकाच्या क्वालिटी विभागाने मला एक प्रश्न मेलने विचारला होता. मी उत्तर देण्याआधीच त्या सहकाऱ्यांकडून ग्राहकाला उत्तर गेले. त्यातली माहिती बरोबर होती, हे इथे सांगायला हवे. पण मी कॉपीत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला तेव्हा काय कळवले गेले आहे याची मला कल्पना नव्हती. त्याच दिवशी, २६ तारखेला, हे सगळे आमच्या सुपरवायझर साहेबांच्या कानावर घातले. ते "बोलतो" म्हणाले.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. दसऱ्यानंतरचा पहिला दिवस. मी एका लॉटच्या मध्यावर होते. ३० पैकी १४ नग झाले होते. फोन घ्यायला दोन मिनिटे बाहेर गेले आणि परत आले तेव्हा प्लग गेज टेबलावर नव्हता. तो ५:५० ला डिस्पॅचच्या टेबलावर मिळाला. डबीवर खंडेनवमीचे हळदकुंकू तसेच होते, म्हणून लांबूनच ओळखला. सहकारी म्हणाले, "एक नग बघायचा होता, लगेच आणून देणार होतो." गेज रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. तो कुठे आपटला आहे का हे कळायला मार्ग नसल्यामुळे मास्टर रिंगवर पडताळून १४ नग पुन्हा पहिल्यापासून तपासले. यात ४० मिनिटे गेली.

त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. ७ ची गाडी चुकली की त्यांना वरून काय ऐकावे लागते ते मीही पाहिले आहे. पण लाल टॅगवर आणि तपासणी अहवालावर सही माझी असते, आणि नग ग्राहकाकडून परत आला तर उत्तर मला द्यावे लागते.

माझी विनंती अशी: लाल टॅग कोणी काढायचा हे लेखी ठरावे, शीटमध्ये रीडिंगचे रकाने क्वालिटीपुरते लॉक व्हावेत, आणि गेज लॅबबाहेर जाताना रजिस्टरमध्ये सही व्हावी. शिवाय तुम्ही, सुपरवायझर साहेब, ते सहकारी आणि मी अशी एक बैठक लावावी. त्यांची बाजू मलाही ऐकायची आहे.

सोबत टॅगचा फोटो, व्हर्जन हिस्टरीचे दोन स्क्रीनशॉट, २५ तारखेचा मेल आणि गेज रजिस्टरचे पान जोडले आहे. माझी पाळी ३:३० ला सुरू होते; या आठवड्यात कोणत्याही दिवशी २ वाजता येऊ शकेन. मेल मिळाल्याचे कृपया कळवावे.

आपली,
सुजाता
क्वालिटी इन्स्पेक्टर, दुसरी पाळी
७ ऑक्टोबर २०२५