उद्यापासून तीन दिवस खो-खोचा सराव बंद; भरपाईचं सेशन रविवारी पहाटे

नमस्कार पालकहो,

मंगळवार 26 मे, बुधवार 27 मे आणि गुरुवार 28 मे असे तीन दिवस आपला सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही बॅचचा सराव बंद राहील. या तीन दिवसांसाठी हवामान खात्याचा नागपूरला उष्णतेच्या लाटेचा ऑरेंज अलर्ट आहे आणि पारा 45 च्या वर जाईल असा अंदाज आहे. कृपया कोणीही मुलांना मैदानावर सोडू नका, मी तिथे नसेन.

दोन-तीन पालकांनी विचारलं की संध्याकाळी साडेपाचला तर ऊन उतरलेलं असतं, मग काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती आपल्या खेळामुळेच आहे. बातम्यांत जो आकडा सांगतात तो सावलीतल्या हवेचा असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर मोजलेला. आपली मुलं मात्र चौकोनात उकिडवी बसतात, तळहात मातीला टेकवून, तोंड जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. शिवाय बहुतेक जण अनवाणी. काल संध्याकाळी सहा वाजता मी खांबाजवळ हात टेकवून पाहिला, चार-पाच सेकंदांच्या वर ठेवता आला नाही. दिवसभर तापलेली माती सूर्य मावळेपर्यंत वाफ सोडत राहते, आणि ती थेट बसलेल्या पोरांच्या अंगावर येते. सकाळच्या बॅचला पहिला तासभर ठीक जातो, पण सात वाजून गेले की ऊन चटके देऊ लागतं. नवतपात तर रात्रही धड थंड होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. मुलं सांगत नाहीत. जूनमधल्या मॅचेसची टीम ठरायची आहे, त्यामुळे डोकं दुखत असलं तरी बाजूला बसायला कोणी तयार होत नाही. गेल्या आठवड्यात एक मुलगी पाठलाग करताना सरळ धावायचं सोडून भलत्याच दिशेला वळली. तिला सावलीत घेतलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला, थोडं थोडं पाणी दिलं, तेव्हा अर्ध्या तासाने बरं वाटलं. ती आता छान आहे. पण मला तेवढं पुरे झालं. तुमच्या मुलांना घरी नक्की सांगा: या तीन दिवसांमुळे कोणाचीही टीममधली जागा जाणार नाही. हा माझा शब्द आहे.

भरपाईचं सेशन: रविवार 31 मे, पहाटे 5.30 ते 7.00, आपल्याच मैदानावर, दोन्ही बॅच एकत्र. उरलेला भाग त्याच दिवशी संध्याकाळी 6.30 ते 7.30 शाळेच्या हॉलमध्ये, तिथे पंखे आणि कूलर आहेत. तिथे डावपेच, खो देण्याचं टायमिंग आणि नियमांची उजळणी घेऊ, धावपळ नाही. तीन दिवसांचं सगळं एका दमात करून घेणार नाही, कारण सुट्टीनंतर अंगाला उन्हाची सवय पुन्हा हळूहळू लावावी लागते. पहिला दिवस हलकाच राहील. शनिवारी रात्री 8 वाजता ग्रुपवर पक्कं कळवेन. अलर्ट कायम असेल तर पहाटेचंही हॉलमध्येच घेऊ. फी वेगळी लागणार नाही.

रविवारी येताना प्रत्येकाने दीड लिटर पाण्याची बाटली, ओआरएसचं पाकीट, टोपी आणि डोक्याला बांधायला सुती दुपट्टा आणावा. ओआरएस नसेल तर घरी करता येतं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ जास्त टाकू नका. उपाशीपोटी पाठवू नका, एक केळं तरी खाऊन यावं. पन्हं, ताक घरी चालू ठेवा. खिशात कांदा ठेवायला माझी ना नाही, आपल्याकडची जुनी रीत आहे, पण पाण्याची जागा कांदा घेत नाही.

या तीन दिवसांत दुपारी 12 ते 5 मुलांना बाहेर खेळू देऊ नका. गल्लीतलं क्रिकेटसुद्धा नको. बसून राहायचा कंटाळा आला तर रात्री जेवणाआधी गच्चीवर पंधरा मिनिटं दोरीउड्या आणि स्ट्रेचिंग पुरे.

आणि एवढं लक्षात ठेवा: मूल असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, वारंवार उलटी झाली किंवा शुद्ध हरपू लागली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सावलीत न्या, अंगावर गार पाणी मारा, वारा घाला आणि लगेच 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

मेसेज वाचला की ग्रुपवर मुलाचं नाव आणि "रविवारी येणार" किंवा "नाही" एवढं लिहा. आजी-आजोबा सोडायला येत असतील तर त्यांनाही आवर्जून सांगा, म्हणजे कोणाची उन्हात खेप होणार नाही.

तुमच्या मुलांचे
खो-खोचे सर