शनिवारच्या एकदिवसीय सहलीचा प्रस्ताव

सर्व सहकाऱ्यांना सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपण चोवीस जणांनी तलावाकाठी एक दिवसाची सहल काढावी, असा प्रस्ताव आम्ही तिघे आपल्यापुढे ठेवत आहोत. रविवार विश्रांतीसाठी मोकळा राहावा, म्हणून शनिवार सुचवला आहे. सहल ऐच्छिक आहे. न येणाऱ्याला कोणी कारण विचारणार नाही.

सहलीत सर्वांत वेगाने चालणाऱ्यांच्या सोयीने कार्यक्रम आखला, की बाकीचे दिवसभर धापा टाकत मागे राहतात. म्हणून सकाळी आठ वाजता तीन गट वेगवेगळे निघतील आणि साडेबाराला जेवायला तलावाकाठच्या झाडीत एकत्र येतील. पहिला गट टेकडी चढेल. येऊन-जाऊन आठ किलोमीटर अंतर आणि तीनशे मीटर चढ आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, हा गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ मधला ठोकताळा लावला तर नुसत्या चालण्याला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. तो सरावलेल्यांचा हिशेब असल्याने आम्ही विश्रांतीसह साडेतीन तास धरले आहेत. सव्वादहापर्यंत माथा गाठला नाही, तर जिथे असू तिथून परतायचे. दुसरा गट तलावाच्या सपाट वाटेने, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने, तीन किलोमीटर चालेल. तिसऱ्या गटासाठी सावलीत खुर्च्या, बैठे खेळ, चित्रकलेचे साहित्य आणि पक्षी पाहायला दुर्बीण असेल. बस दिवसभर जवळच उभी राहील. गट निवडताना प्रकृतीची माहिती देण्याची गरज नाही आणि सकाळी मन बदलले तरी चालेल. दुपारी नौकाविहार आणि तिन्ही गटांतली माणसे मिसळून खजिन्याचा शोध ठेवला आहे. त्यात धावण्याला नव्हे, कोडी सोडवण्याला गुण आहेत.

एकूण खर्चाचे शंभर भाग धरले, तर बसला पन्नास, जेवण व अल्पोपाहाराला तीस, नौकाविहार व खेळांच्या साहित्याला दहा लागतील आणि उरलेले दहा अडीअडचणीसाठी राखून ठेवावेत. ते न वापरल्यास परत मिळतील. गट कोणताही असो, वर्गणी सारखीच. खरी अडचण बसची आहे, कारण तिचे भाडे माणसे घटली तरी घटत नाही: चोवीसऐवजी वीसच जण आले, तर प्रत्येकाचा बसचा वाटा एक-पंचमांशाने वाढतो. त्यामुळे नाव दिल्यानंतर ऐनवेळी रद्द करणाऱ्याला जेवणाचे पैसे परत मिळावेत, बसचे मिळू नयेत, असे आम्ही सुचवतो. यावर कोणाचा आक्षेप असल्यास आत्ताच सांगावा.

पाऊस आल्यास टेकडीचा कार्यक्रम रद्द होईल आणि पहिला गट दुसऱ्यात सामील होईल.

येत्या बुधवारी संध्याकाळपर्यंत आपले नाव, गट आणि आहाराची पथ्ये आमच्यापैकी कोणालाही कळवावीत. गुरुवारी आम्ही बस ठरवू.

आपले,
सहल नियोजन गट